बंद लिफ्ट, दोन पात्रं: एका एकांकिकेची संहिता तालमीत कशी बदलत गेली

पार्श्वभूमी

ही एका हौशी नाट्यगटाच्या एकांकिकेची हकीकत आहे. गटाची, लेखकाची आणि कलाकारांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संहितेचं आणि तालमीत जे झालं त्याचं वर्णन मात्र जसंच्या तसं आहे. मी संहितेवर बोलायला त्यांच्या वाचनांना आणि नंतर तालमींना बसत होतो.

गोष्ट साधी. एका मोठ्या कार्यालयाची इमारत, सुट्टीच्या आदली रात्र. प्रशासनप्रमुख असलेली पन्नाशीची बाई आणि रात्रपाळीचा तिशीतला सुरक्षारक्षक एकाच लिफ्टमध्ये चढतात. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबते. रक्षकाचं कंत्राट त्याच महिन्यात संपतंय आणि नूतनीकरणावर सही बाईंची लागते. एकांकिकेत दुसरं कुणी येत नाही, पडदा पडत नाही, जागा बदलत नाही.

लेखकाने पहिल्या मसुद्यातच ठरवलं होतं की सत्तेचं पारडं सारखं झुकत राहिलं पाहिजे. त्यासाठी त्याने चार वळणं रचली होती. आधी बाई रक्षकाला झापतात. मग रक्षक सांगतो की बाई रात्री फायली बाहेर नेताना त्याने कॅमेऱ्यात पाहिल्या आहेत. मग बाई सांगतात की त्याचं अनुभवाचं प्रमाणपत्र खोटं आहे हे त्यांना ठाऊक आहे. मग तो सांगतो की ते प्रमाणपत्र देणारी संस्था बाईंच्या भावाची आहे. दोघं थकतात, खाली बसतात, लिफ्ट सुरू होते.

अडचण

पहिल्या वाचनाला सुरुवातीची काही मिनिटं सगळे पुढे सरकून ऐकत होते. पहिल्या गौप्यस्फोटाला खोली शांत झाली. दुसऱ्याला माना हलल्या. तिसरा येण्याआधीच मागून कुणीतरी म्हणालं, "आता याच्याकडेही काहीतरी असणार." तिथे एकांकिका संपली होती, वाचायची पानं मात्र अजून बारा शिल्लक होती.

दिग्दर्शिकेचं पहिलं मत होतं की संवाद लांबले आहेत. ते खरंही होतं, पण छाटणी करून दुसरं वाचन केलं तेव्हा तीच मरगळ फक्त लवकर आली. मग आम्ही संहितेला एक चाचणी लावली. लिफ्ट काढून टाकायची, या दोघांना बसथांब्याच्या बाकावर बसवायचं आणि किती वाक्यं बदलावी लागतात ते बघायचं. बदलावी लागली चार. म्हणजे लिफ्ट हा नुसता देखावा होता. बाई आणि रक्षक यांच्यात जे काही घडत होतं, त्याचं सगळं बळ लिफ्टच्या बाहेरून, जुन्या गोष्टींतून येत होतं.

दुसरी गोष्ट अभिनेत्रीने दाखवून दिली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं तेच सर्वात मोलाचं निरीक्षण होतं. ती म्हणाली, "तो माझं गुपित सांगतो तेव्हा मला भीती वाटायला हवी. पण मला त्याच्याकडून आत्ता काहीच नकोय. मी गप्प बसून लिफ्ट सुरू व्हायची वाट बघू शकते." गुपित कितीही मोठं असलं तरी ते उद्या उपयोगी पडणारं हत्यार आहे. बंद लिफ्टमध्ये एकाची दुसऱ्यावर सत्ता चालते ती त्याच्याजवळ असलेली वस्तू, माहिती किंवा वेळ समोरच्याला याच क्षणी लागते म्हणून. पहिल्या मसुद्यात कुणालाच कुणाची गरज नव्हती, म्हणून पारडं झुकत नव्हतं. दोघं आळीपाळीने फक्त आवाज चढवत होते.

समोर असलेले पर्याय

एक पर्याय तिसऱ्या आवाजाचा होता. लिफ्टमधल्या बोलण्याच्या यंत्रावरून बाहेरचा माणूस बोलेल, दोघांना प्रश्न विचारेल. यात हालचाल आली असती, पण निर्णय बाहेरच्या माणसाच्या हाती गेला असता आणि आतले दोघं एकमेकांऐवजी त्याच्याशी बोलत राहिले असते. तो लगेच सोडला.

दुसरा पर्याय बाईंना बंद जागेची भीती देण्याचा. लेखकाला तो आवडला होता, कारण सत्ता चटकन रक्षकाकडे जाते. दिग्दर्शिकेचा आक्षेप असा की आजारपणाने गेलेली सत्ता कुणी घेतलेली नसते, ती आपोआप सांडते. रक्षकाला त्यात काहीच करावं लागत नाही. शिवाय एकदा धाप लागली की ती परत कशी थांबवायची, हा प्रश्न उरतो. प्रेक्षक पुढचा सगळा वेळ तिच्या तब्येतीकडे बघत बसतो.

तिसरा पर्याय कष्टाचा होता: गुपितं सगळी काढायची आणि लिफ्ट खरोखर कशी बंद पडते, आत काय चालू राहतं, काय बंद होतं, कुणाला काय ठाऊक असतं, यातूनच वळणं शोधायची. लेखक आधी नाराज झाला. चार महिने जपलेलं रहस्य एका संध्याकाळी फेकून द्यायचं होतं. तरी त्यानेच लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका तंत्रज्ञाशी बोलून टिपणं आणली, आणि त्या टिपणांनी एकांकिका उभी केली.

काय केलं

टिपणांतल्या तीन गोष्टी कामाच्या ठरल्या. वीज गेली की लिफ्टचा ब्रेक सुटत नाही, उलट आवळला जातो. स्प्रिंग तो दाबून धरते आणि वीज असेल तरच तो उघडतो. त्यामुळे थांबलेली लिफ्ट खाली कोसळत नाही. दुसरी गोष्ट, अनेक लिफ्टना बॅटरीवर चालणारी सुटकेची यंत्रणा असते. वीज गेली की ती लिफ्टला हळूच जवळच्या मजल्यावर नेते आणि दार उघडते. म्हणजे ती चालू असेल तर आमची एकांकिका एका मिनिटात संपायची. तिसरी, अडकलेल्या लिफ्टमध्ये खरा धोका आत बसण्यात नसतो. तो असतो दार ओढून मधूनच बाहेर पडण्यात, कारण लिफ्ट मजल्याच्या वर थांबली असेल तर तिच्या खालची पोकळी उघडी असते आणि ती कुठल्याही क्षणी हलू शकते.

दुसऱ्या मुद्द्याने आधी घाबरवलं आणि मग सर्वात चांगलं वळण दिलं. यंत्रणा आहे, पण चालत नाही. का? बॅटरी बदलायचं देखभालीचं बिल बाईंच्या टेबलावर सहीविना पडलंय. रक्षकाने नोंदवहीत दोनदा तक्रार लिहिली आहे. ही माहिती गुपितासारखी दिसते, पण तिचा परिणाम त्या क्षणी त्या दोघांच्या अंगावर चालू असतो. बाई स्वतःच्याच न केलेल्या सहीमुळे अडकल्या आहेत.

मग दोघांना गरजा दिल्या. बाईंना रात्री बारापर्यंत एक अहवाल पाठवायचा आहे; मोबाइलला आत रेंज नाही आणि चार्जिंग संपत आलंय. रक्षकाला महिनाभर बाईंची पाच मिनिटं मिळालेली नाहीत. अडकलेला प्रत्येक क्षण बाईंचा तोटा आणि रक्षकाचा फायदा. एवढं ठरल्यावर लेखकाने मधला भाग चार दिवसांत नव्याने लिहिला, आणि त्यातले संवाद आधीच्या निम्मे निघाले.

नव्या संहितेतलं पहिलं झुकणं ब्रेकवरून येतं. लिफ्ट थांबते, पंखा बंद होतो, बाई ओरडतात, कठड्याला घट्ट धरतात. रक्षक शांतपणे सांगतो की ब्रेक आवळलाय, आता ही हलणार नाही. बाईंचा हात कठड्यावरून सुटतो. पहिल्यांदा त्यांना त्याचं ऐकावं लागलंय.

दुसरं त्याच्या खोटेपणावरून. रक्षकाच्या कानात वॉकीटॉकीचं इअरफोन आहे. बाई धोक्याची घंटा दाबून धरतात, दाराच्या फटीला तोंड लावून हाका मारतात. त्याच वेळी तो पाठ वळवून म्हणतो, "हो... अर्धा तास? बरं." घंटा थांबते.

बाई: काय म्हणाले?
रक्षक: कोणी उत्तर देत नाहीये, मॅडम.

प्रेक्षकाला खरं ठाऊक, बाईंना नाही. हे तालमीत बसवणं अवघड गेलं. घंटेत आणि हाकांत "अर्धा तास" हे शब्दच बुडत होते, आणि ते बुडाले की पुढची वीस मिनिटं निरर्थक होतात. शेवटी घंटा दूरवर, इमारतीच्या तळाशी वाजल्यासारखी मंद केली आणि बाईंच्या दोन हाकांच्या मध्ये त्या दोन शब्दांपुरती जागा मोकळी सोडली.

मनगटाचा क्षण

तिसरं वळण जवळून सांगतो, कारण सगळी एकांकिका त्यावर टेकलेली आहे. अहवालाची वेळ जवळ येते. बाई दाराच्या फटीत बोटं घालून ते ओढतात, दार वीतभर सरकतं. समोर अर्धी भिंत, खाली मजल्याची चौकट आणि तिच्याही खाली काळोख. त्या पर्स बाहेर सरकवून वाकतात. रक्षक त्यांचं मनगट धरून मागे खेचतो.

लेखकाने इथे रक्षकाला समजावणीचं लांब भाषण दिलं होतं. तो बरोबर होता, त्याने जीव वाचवला होता, म्हणून सत्ता त्याची, असा हिशेब. तालमीत अभिनेत्रीने भाषण सुरू व्हायच्या आधीच, ठरलेलं नसताना, आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हात काढा." नटाने हात काढला आणि त्याला पुढचं वाक्य आठवेना. खोलीतल्या सगळ्यांना कळलं की पारडं फिरलं. तो बरोबर असूनही हरला होता, कारण त्याने साहेबीण बाईंना हात लावला होता आणि बाहेर गेल्यावर या गोष्टीची हकीकत बाईच सांगणार होत्या.

इथे आणखी एक बारकावा होता. तोवर बाई त्याला "अरे, तू" म्हणत होत्या. "हात काढा" हा पहिला आदरार्थी प्रयोग, आणि तो अंतर वाढवण्यासाठी आलेला. दिग्दर्शिकेने तो ठेवला आणि त्यापुढे बाईंची सगळी वाक्यं "तुम्ही"मध्ये नेली. रक्षकाला वाक्यागणिक त्यातली धार लागते. भाषण पूर्ण कापलं. त्या जागी फक्त थांबणं आहे. त्याची लांबी आम्ही ठरवून दिली नाही. रक्षक एक पाऊल मागे जाऊन पाठीला भिंत लागेपर्यंत थांबायचं, एवढीच खूण.

या झटापटीत इअरफोनची वायर वॉकीटॉकीतून निसटते. कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे बिलाचा आणि नोंदवहीचा विषय निघतो, रक्षक पुन्हा वर येतो, दिवा मंदावतो आणि बाईंच्या मोबाइलचा उजेड तेवढा उरतो. त्याच काळोखात वॉकीटॉकी मोठ्याने बोलते: "निघालोय. मघाशी सांगितलं तसं, पाच मिनिटांत वरती." खोटं उघडं पडतं, तेही त्याच्याच हातून झालेल्या ओढाताणीमुळे. एका वळणाने पुढच्या वळणाची तयारी केली की प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसत नाही. पहिल्या मसुद्यात नेमकं हेच नव्हतं. तिथे प्रत्येक गौप्यस्फोट स्वतंत्र डब्यातून काढलेला होता.

रंगमंचावरची लिफ्ट

आठ माणसांच्या लिफ्टचं आतलं माप साधारण 1.1 मीटर रुंद आणि 1.4 मीटर खोल असतं. आम्ही जमिनीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखून तालीम केली. दोघं एकमेकांना झाकत होते, बाजूच्या खुर्च्यांवरून एकाचीच पाठ दिसत होती. मग नेपथ्यकाराने चौकोन आठ फूट रुंद केला, तर दोघं चक्क फेऱ्या मारायला लागले आणि जवळिकीचा ताण गेला. शेवटी सहा फूट रुंदी, साडेचार फूट खोली ठरली. एकाने हात पसरला की दुसऱ्याला सरकावंच लागावं, हे माप आम्हाला हवं होतं.

दार कुठे, हा प्रश्न मापापेक्षा मोठा निघाला. मागे ठेवलं तर दाराशी गेलेला माणूस प्रेक्षकाला पाठ करतो, आणि आमचे मोठे क्षण दाराशीच होते. म्हणून दार प्रेक्षकांच्या बाजूला, म्हणजे न दिसणाऱ्या चौथ्या भिंतीत घेतलं. बटणांची पट्टी उजव्या कोपऱ्यातल्या खांबावर. दार ओढण्याचा अभिनय हवेत करावा लागला, पण बाई वाकून खाली काळोखात बघतात तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ण समोर येतो.

मोबाइलच्या उजेडाने एक वेगळी गोष्ट शिकवली. ज्याच्या हातात दिवा असतो तो स्वतः अंधारात राहतो आणि दुसऱ्याला उघडं पाडतो. बाई रक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड धरून प्रश्न विचारतात. काही वेळाने तो शांतपणे त्यांचा हात खाली दाबत नाही, तर स्वतःच उजेडाबाहेर सरकतो, आणि बाईंना त्याला शोधावं लागतं. खरा मोबाइल प्रेक्षकांच्या डोळ्यांवर चमकत होता. त्यामुळे त्याचा रोख नेहमी आडवा ठेवला, मागची भिंत आरशाऐवजी खरवडलेल्या पत्र्याची केली आणि वरून अगदी कमी तीव्रतेचा निळसर प्रकाश दिला.

शेवट आणि प्रयोग

पहिल्या प्रयोगात शेवट असा होता: वीज येते, बाई कठड्यावर कागद ठेवून नूतनीकरणावर सही करतात आणि निघून जातात. टाळ्या चांगल्या आल्या. नंतरच्या चर्चेत मात्र बहुतेक जण बाईंच्या मोठेपणाबद्दल बोलले. पस्तीस मिनिटं हलवत ठेवलेलं पारडं आम्ही शेवटच्या मिनिटात एका बाजूला खिळवून टाकलं होतं, आणि रक्षक उपकृत माणूस होऊन उरला होता.

दुसऱ्या प्रयोगासाठी लेखकाने शेवट बदलला. लिफ्ट खाली येऊन थांबते. बाई पर्स उचलतात, रक्षक टोपी घालतो आणि सवयीने बाजूला होतो. मग तो खिशातून पेन काढतो. अडकण्याची नोंद त्याला वहीत करायची आहे.

रक्षक: मॅडम, किती वेळ लिहू?

बाई त्याच्याकडे बघतात आणि दिवे जातात. या एका प्रश्नात त्याचं खोटं, त्यांचं बिल, मनगट, सगळं येतं. खरा वेळ लिहिला तर दोघंही सापडतात. उत्तर देणाऱ्याच्या हातात सत्ता आहे की लिहिणाऱ्याच्या, यावर प्रयोगानंतर लोक बाहेर उभे राहून भांडत होते. काही प्रेक्षकांना तो शेवट अर्धवट वाटला, आणि त्यांची तक्रार मला पटते इतपत की "खरा वेळ लिहिला तर काय" हे आधी स्पष्ट व्हायला हवं होतं.

पुन्हा केलं तर

नोंदवहीची पेरणी आधी हवी. सध्या तिचा पहिला उल्लेख बिलाच्या वळणात, म्हणजे निम्म्याहून पुढे येतो. लिफ्टमध्ये चढतानाच रक्षकाच्या काखेत ती वही असेल, आणि बाई त्याला "आधी ती वही नीट लिहीत जा" असं सहज म्हणतील, तर शेवटचा प्रश्न समजावून द्यावा लागणार नाही.

दुसरं, आत्ता तीन गोष्टी बॅटरीअभावी बंद पडतात: सुटकेची यंत्रणा, लिफ्टमधला दिवा आणि शेवटी बाईंचा मोबाइल. पहिल्या दोन्हींचं कारण एकच आहे, ते चालतं. मोबाइल संपणं मात्र सोयीचं वाटतं. तो संपू नये. बाईंनी तो स्वतः बंद करावा. वॉकीटॉकीवरचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी उजेड घालवला तर अंधार हा त्यांचा निर्णय होतो, आणि त्या अंधारात आधी कोण बोलतं हे एक जास्तीचं झुकणं मिळतं. दिग्दर्शिकेला हे मान्य आहे. लेखक म्हणतो की मग रक्षकाचा चेहरा दिसणार नाही आणि त्याचं सर्वात कठीण वाक्य अंधारात जाईल. पुढच्या तालमीत दोन्ही करून बघायचं ठरलं आहे.